चिठ्ठी घरी येते तेव्हा
(संस्थेच्या प्राथमिक शाळेच्या पालक-मेळाव्यात शिक्षकवर्गाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या शाळेतून दरवर्षी काही घरी एक छोटीशी चिठ्ठी जाते. तीत फीचा तगादा नसतो, खोडीची तक्रार नसते, की परीक्षेतील गुणांची रड नसते. आपल्या मुलाचे डोळे अथवा कान एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत, एवढीच विनंती तीत असते. विनंती साधी असली तरी ती घरी पोचताच कित्येकदा घराचा नूर पालटतो. कोणाला वाटते, शाळेने मुलात खोट काढली. कोणाला वाटते, शिकवणे जमत नाही म्हणून मास्तरांनी डॉक्टरांकडे बोट दाखवले. आणि मुलगी असली तर आजींच्या मनात तिच्या लग्नापर्यंतची काळजी उभी राहते. म्हणून आज त्या चिठ्ठीविषयीच चार शब्द बोलावे असे आम्ही ठरवले. ती आम्ही कशावरून लिहितो, लिहिण्यापूर्वी काय पाहतो, आणि ती हाती पडल्यावर पुढे काय घडते, हे एका मुलीच्या व एका मुलाच्या हकिगतीवरून सांगतो. नावे अर्थातच सांगत नाही.

मुलगी चौथीतली, नऊ वर्षांची. पहिल्या तीन इयत्तांत तिचे गणित चांगले होते. चौथीत दिवाळीनंतर तिच्या वहीत लाल खुणा वाढू लागल्या. घरी तिला धांदरट म्हणू लागले आणि संध्याकाळी शिकवणी लावण्याचे घाटू लागले. वर्गशिक्षिकाबाईंनी मात्र एक गोष्ट केली. त्यांनी वहीची दोन महिन्यांची पाने उलटून पाहिली व चुका कोठे आहेत ते वेगळे काढले. तेव्हा असे दिसले की, बाईंनी तोंडी सांगितलेली उदाहरणे जवळजवळ सगळी बरोबर होती. फळ्यावरून उतरवून घेतलेली तेवढी चुकली होती. आणि तीही मोठ्या मजेदार रीतीने. फळ्यावर अडतीस होते तेथे तिने तेहेतीस लिहिले होते, आणि मग तेहेतिसांचा गुणाकार अगदी बिनचूक केला होता. इंग्रजी आकड्यांतील तीन आणि आठ, सहा आणि आठ, एवढ्यांचीच अदलाबदल होत होती. म्हणजे गणित पक्के होते. आकडा मात्र फळ्यापासून वहीपर्यंत येताना बदलत होता.

मग बाईंनी आठवडाभर तिच्याकडे, तिला न कळेल अशा बेताने, लक्ष ठेवले. मुलगी तिसऱ्या बाकावर बसे. फळ्याकडे पाहताना ती डोळे किलकिले करी व मान थोडी पुढे काढी. थोड्या वेळाने शेजारणीच्या वहीत पाहून लिही. वाचनाच्या तासाला मात्र पुस्तक हातात घेऊन घडाघडा वाची. येथे एक खुलासा करतो. डोळे किलकिले करणे आणि तिरळे पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पापण्या जवळ आणल्या की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाची वाट अरुंद होते, कडेचे पसरणारे किरण अडतात आणि धूसर चित्र जरासे स्वच्छ दिसते. मुलाला हे कोणी शिकवलेले नसते. ते त्याचे त्यालाच सापडते. तेव्हा किलकिले डोळे ही वाईट सवय समजून ‘नीट बघ’ म्हणून दटावू नये. ते बिचारे नीट बघण्याचीच धडपड करीत असते.

यानंतर आम्ही शाळेत एक साधी चाचणी केली. आमच्या कार्यालयात भिंतीला एक तक्ता टांगलेला आहे. हॉलंडातील उट्रेख्त येथील डॉ. स्नेलेन यांनी १८६२ साली अशा तक्त्याची पद्धत घालून दिली, आणि आजही जगभर तीच चालते. आमच्या तक्त्यावर अक्षरे नाहीत. तीन दातांच्या फणीसारखी एकच आकृती वर, खाली, उजवीकडे, डावीकडे तोंड करून काढलेली आहे, आणि ओळीओळीने लहान होत जाते. मुलाने फणीचे दात कोणीकडे आहेत ते हाताने दाखवायचे. त्यामुळे लिपी येवो न येवो, लहान मुलालाही चाचणी देता येते. तक्त्यापासून सहा मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट, अंतर दोरीने मोजून तेथे जमिनीवर रेघ मारलेली आहे.

या चाचणीत एकच पथ्य फार महत्त्वाचे आहे. एका वेळी एकच डोळा तपासायचा. दुसरा तळहाताने झाकायचा, पण दाबायचा नाही, कारण दाबलेला डोळा उघडल्यावर काही वेळ धूसरच पाहतो. बोटांनी झाकू दिले तर मुले फटीतून पाहतात, हेही लक्षात ठेवावे लागते. आमच्या या मुलीला उजव्या डोळ्याने सहा-चोवीसची ओळ कशीबशी दिसली आणि डाव्याने सहा-अठराची. सहा-चोवीस याचा अर्थ असा की, चांगल्या डोळ्याला जी आकृती चोवीस मीटरवरून ओळखता येते, ती ओळखायला हिला सहा मीटरपर्यंत जवळ यावे लागते. मग एका जाड कागदाला सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून तिला तोच तक्ता पाहायला दिला. तेव्हा ती आणखी दोन-तीन ओळी खाली उतरली. छिद्रातून पाहिल्यावर नजर सुधारली, तर दोष बहुधा चष्म्याने भरून निघणारा असतो. सुधारली नाही, तर डॉक्टरांना अधिक खोलात जाऊन पाहावे लागते. आमची मजल येथे संपते. नंबर किती, कारण काय, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही.

आता ती चिठ्ठीच वाचून दाखवतो. आमच्या शाळेत ती अशी लिहिली जाते:

‘सौ. ताई व श्रीयुत दादा यांस सप्रेम नमस्कार वि. वि. आपली मुलगी वर्गात उत्साहाने भाग घेते व तोंडी गणित चांगले करते. गेल्या पंधरा दिवसांत आमच्या तीन गोष्टी लक्षात आल्या. फळ्याकडे पाहताना ती डोळे किलकिले करते. फळ्यावरून उतरवलेल्या आकड्यांत तीन व आठ यांची गफलत होते. तोंडी सांगितलेल्या आकड्यांत होत नाही. शाळेतील तक्त्यावर सहा मीटरवरून तिने उजव्या डोळ्याने सहा-चोवीसची व डाव्याने सहा-अठराची ओळ वाचली. हे रोगाचे निदान नव्हे. तरी येत्या पंधरा दिवसांत नेत्रतज्ज्ञांकडून तिचे डोळे तपासून घ्यावेत अशी विनंती आहे. तोपर्यंत आम्ही तिला पहिल्या बाकावर बसवले आहे आणि फळ्यावरील मजकूर मोठ्याने वाचूनही दाखवतो. डॉक्टरांनी सांगितलेले खालील जागेत लिहून पाठवावे. खर्चाची अडचण असल्यास संकोच न करता संस्थेच्या कार्यालयात भेटावे. कळावे, लोभ असावा.’

या चिठ्ठीत काय आहे, यापेक्षा काय नाही ते पाहा. तीत रोगाचे नाव नाही, ‘अभ्यासात मागे’ हे शब्द नाहीत, आणि इतर मुलांशी तुलना नाही. जे डोळ्यांनी पाहिले व जे मोजले तेवढेच आहे. हीच चिठ्ठी पालकांनी डॉक्टरांपुढे ठेवली की त्यांचेही काम सोपे होते; कारण दवाखान्यातल्या दहा मिनिटांत मूल बुजलेले असते, आणि वर्गातले पंधरा दिवस डॉक्टरांना दिसत नाहीत. चिठ्ठी बंद पाकिटातून जाते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ती कधीही टाकली जात नाही, आणि मुलाच्या तोंडी निरोपही दिला जात नाही. ‘बाईंनी सांगितलंय, तुझे डोळे गेलेत’ असा निरोप घरी पोचायला एक मधली सुट्टी पुरते!

दुसऱ्याच दिवशी मुलीची आई शाळेत आली. रागावली नव्हती, पण गोंधळलेली होती. ती म्हणाली, “बाई, हिच्या डोळ्यांना काय व्हायचंय? आमच्या सासूबाईंच्या सुईत रोज हीच दोरा ओवते. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचते!” बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. तिचं जवळचं छानच आहे. फळा जवळ नाही, एवढीच अडचण आहे.”

हा मुद्दा प्रत्येक घरात निघतो, म्हणून तो जरा उलगडून सांगतो. ज्याला आपण उणे नंबर म्हणतो, त्या डोळ्याला जवळचे स्वच्छ दिसते आणि ठराविक अंतरापलीकडचे धूसर. ते अंतर काढायचा हिशोब सोपा आहे. एक मीटरला नंबराने भागावे. उणे एक नंबर असेल तर एक मीटरपर्यंत स्वच्छ. उणे दोन असेल तर अर्ध्या मीटरपर्यंत. या मुलीच्या उजव्या डोळ्याचा नंबर पुढे उणे सव्वा निघाला, म्हणजे ऐंशी सेंटिमीटर. सुई, पुस्तक, बाटलीवरची चिठ्ठी, मोबाइल हे सगळे त्या ऐंशी सेंटिमीटरांच्या आत येते. तिसऱ्या बाकावरून फळा मात्र तीन-चार मीटर दूर असतो. म्हणून घरात जी नजर तल्लख वाटते, तीच वर्गात अपुरी पडते. आणि घरच्यांचे म्हणणे व शाळेचे म्हणणे दोन्ही एकाच वेळी खरे असते. मुलगी स्वतः का बोलली नाही, असेही आईने विचारले. त्याचे उत्तर असे की, नजर हळूहळू उतरते, आणि सगळ्यांनाच फळा असा दिसतो अशी मुलाची समजूत असते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची सोय कोणालाच नाही.

आईवडील तिला आपल्या येथील महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या नेत्रविभागात घेऊन गेले. तेथे डोळ्यांत थेंब घालून नंबर काढला. हे थेंब म्हणजे काय, याची पूर्वकल्पना नसली की पालक घाबरतात. मुलांच्या डोळ्यांतील भिंग फार लवचिक असते. तपासणीच्या वेळी मूल नकळत जोर लावून ते फुगवते, आणि मग यंत्र खऱ्यापेक्षा जास्त उणे नंबर दाखवते. थेंबांनी तो जोर काही काळ सैल पडतो व खरा नंबर सापडतो. म्हणून मुलाचा पहिला चष्मा दुकानातल्या यंत्रावर दोन मिनिटांत नंबर काढून करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. थेंब घातल्यावर बाहुली मोठी होते, उजेड खुपतो आणि जवळचे वाचता येत नाही. काही औषधांचा हा परिणाम दिवसभरात ओसरतो, तर काहींचा आठवडा-दोन आठवडे टिकतो. तो किती दिवस राहील हे डॉक्टरांना तेथेच विचारावे आणि आम्हाला कळवावे, म्हणजे त्या दिवसांत आम्ही वाचनलेखनाचा आग्रह धरणार नाही.

उजवा उणे सव्वा, डावा उणे एक, असा नंबर निघाला. चष्मा लावून दोन्ही डोळ्यांनी तिला सहा-सहाची ओळ वाचता आली. आता प्रश्न उरला तो चष्मा नाकावर राहण्याचा. आजींचे म्हणणे पडले की, एकदा चष्मा लावला की डोळा आळशी होतो व नंबर वाढतो. त्यापेक्षा गाजर खाऊ घालावे. आजींचा मान राखूनच आम्ही सांगतो की, या वयात उणे नंबर वाढतो तो डोळ्याचा गोल लांबीने वाढत असतो म्हणून, भिंगामुळे नव्हे. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा देऊन वाढ थांबते का, हेही डॉक्टरांनी मुलांवर पडताळून पाहिले आहे. ती थांबत नाही. गाजर जरूर खावे. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रातांधळेपणावर त्याचा उपयोग आहे, परंतु लांबलेला गोल त्याने आखूड होत नाही. उघड्या मैदानावर रोज खेळणाऱ्या मुलांना असा नंबर लागण्याचे प्रमाण कमी असते, एवढे मात्र आढळून आले आहे. तेव्हा संध्याकाळच्या नव्या शिकवणीपेक्षा संध्याकाळचे मैदान बरे.

महिन्याभराने बाईंनी वही पुन्हा पाहिली. फळ्यावरून उतरवलेल्या आकड्यांत एकही तीन आठाच्या जागी नव्हता. शिकवणी लावावी लागली नाही.

आता, एका वेळी एकच डोळा तपासावा असे आम्ही मघाशी म्हणालो, त्याचे कारण सांगतो. काही मुलांचा एक डोळा उत्तम असतो आणि दुसरा पुष्कळ अधू. असे मूल डोळे किलकिले करीत नाही, चुकतही नाही, कारण चांगला डोळा सगळे काम उरकतो. मेंदू हळूहळू अधू डोळ्याचे चित्र नाकारू लागतो, आणि असे बरेच दिवस चालले तर पुढे चष्मा देऊनही त्या डोळ्याची नजर पुरती येत नाही. चांगला डोळा रोज काही तास झाकून अधू डोळ्याला कामाला लावतात, हा त्यावरचा उपाय. परंतु तो सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर अधिक फळतो. पुढे त्याचा गुण कमी होत जातो. म्हणून पहिलीत आलेल्या प्रत्येक मुलाला आम्ही, तक्रार असो वा नसो, एकेक डोळा झाकून तक्त्यापुढे उभे करतो. तशा मुलाच्या घरी चिठ्ठी गेली तर ‘वर्ष संपल्यावर बघू’ असे कृपा करून म्हणू नये.

दुसरी हकिगत कानाची. ती आपल्या समाजाच्या दृष्टीने थोडी निराळी आहे. मुलगा दुसरीतला. घरी सगळा व्यवहार मराठीत. शाळेत शिकवणे हिंदीत. बाई म्हणत, “सब अपनी कॉपी निकालो,” आणि हा इकडेतिकडे पाही, शेजाऱ्याने वही काढली की मग आपली काढी. प्रश्न एक विचारावा तर उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे देई. कोणालाही वाटावे की मुलाला हिंदी कळत नाही. मराठी घरातील मुलांविषयी हा समज चटकन होतो, आणि तेथेच गोष्ट अडून राहते. त्यातून हा मुलगा काही दिवस अगदी व्यवस्थित ऐके, तर काही दिवस हाक मारूनही वळत नसे. त्यामुळे घरी त्याला ‘सोयीचा बहिरा’ अशी पदवी मिळाली होती.

भाषा की कान, हे ओळखण्याची रीत साधी आहे. बाईंनी त्याला एकट्याला जवळ घेतले, त्याच्या पाठीमागे दोन पावलांवर उभ्या राहिल्या, आणि हळू आवाजात ओळखीचे मराठी शब्द एकेक करून उच्चारले. तसाच शब्द त्याने परत म्हणायचा. ‘सात’ म्हटले तर तो ‘हात’ म्हणाला. ‘फळी’ म्हटले तर ‘कळी’. मग समोर येऊन, त्याला ओठ दिसतील अशा रीतीने, तेच शब्द तेवढ्याच आवाजात म्हटले. तेव्हा सगळे बरोबर आले. अडचण हिंदीची असती तर मराठी शब्द पाठीमागूनही नीट आले असते. बाईंनी वर्गातही पाहिले, तो बाई समोर पाहून बोलत तेव्हा मुलगा सूचना पाळी. फळ्यावर लिहिता लिहिता, पाठ वळवून बोलत, तेव्हा हमखास चुके. सर्दी झालेल्या आठवड्यात हे वाढे. एवढे तीन मुद्दे लिहून चिठ्ठी गेली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीसारख्या दिव्याने कानात पाहिले. कानात मळ साचून वाट बुजलेली नाही, हे आधी पाहून घेतले. कारण कित्येकदा दोष तेवढाच असतो व मळ काढल्यावर संपतो. येथे मळ नव्हता, पण पडदा निस्तेज दिसला. एका यंत्राने कानात हवेचा दाब थोडा कमीजास्त करून पडदा हलतो का ते पाहिले. तो हलत नव्हता, म्हणजे पडद्यामागे द्रव साचला होता. कानाला श्रवणनळ्या लावून बारीक होत जाणारे सूर ऐकवले, तेव्हा दोन्ही कानांना सुमारे तीस डेसिबलपर्यंतचे सूर ऐकू येत नव्हते. लहान मुलाला साधारणपणे वीस डेसिबलचा सूर ऐकू यावा. जवळून, समोरून, शांत खोलीत बोललेले अशा मुलाला बरेचसे कळते. पंखे फिरत असलेल्या, चाळीस मुलांच्या वर्गात सूचना निम्मीशिम्मीच पोचते.

लहान मुलांत नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी आखूड व आडवी असते. सर्दीने ती सुजली की पडद्यामागची हवा जिरते आणि तेथे पातळ किंवा चिकट द्रव साचतो. कान दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे कोणाच्या ध्यानी येत नाही. द्रव कमीजास्त होतो तसे ऐकणेही कमीजास्त होते. मुलाचे ‘चांगले दिवस’ व ‘वाईट दिवस’ यांचे मूळ त्याच्या हट्टात नव्हते, ते या द्रवात होते. बहुतेक मुलांत तो तीनएक महिन्यांत आपोआप जिरतो, म्हणून डॉक्टरांनी औषधांचा मारा न करता तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. तोवर मुलाला पहिल्या बाकावर, खिडकी व पंख्याच्या गोंगाटापासून दूर बसवले. बाईंनी सूचना देण्यापूर्वी त्याचे नाव घेऊन, तो पाहतो आहे अशी खात्री करून मग बोलायचा परिपाठ ठेवला. घरीही स्वयंपाकघरातून हाका न मारता समोर जाऊन बोलावे, असे कळवले. दुसऱ्या तपासणीत पडदा हलू लागला होता व ऐकणे नेहमीसारखे झाले होते. सगळ्यांचेच असे होत नाही. द्रव टिकून राहिला व ऐकणे कमीच राहिले तर पडद्यात एक अगदी छोटी नळी बसवण्याचा सल्ला डॉक्टर देतात. एक सांगणे मात्र हात जोडून आहे. ऐकू कमी येते म्हणून कानात कोमट तेल, लसणीचे तेल घालू नये. पडद्यामागच्या द्रवापर्यंत ते पोचतच नाही, आणि पडद्याला भोक असले तर आत जाऊन अपाय करते.

आमच्या चाचण्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तक्त्यावर शेवटची ओळ वाचली म्हणजे डोळे निर्दोष, असे नाही. अधिक नंबराचे मूल जोर लावून लांबचे नीट वाचते, पण पुस्तक घेऊन बसले की त्याचे डोके दुखते व ते वाचन टाळते. तक्ता त्याला पकडत नाही. कानाचेही तसेच, आम्ही पाहिले त्या दिवशी द्रव कमी असू शकतो. म्हणून तक्त्यावर मूल उत्तीर्ण झाले तरी वर्गातील लक्षणे टिकून असतील तर आम्ही चिठ्ठी पाठवतोच. उलट, काही गोष्टींसाठी आम्ही चिठ्ठीची वाट पाहत नाही. बाहुलीत पांढरी झाक दिसणे, डोळा अचानक तिरळा होणे, डोळ्याला मार लागणे, डोळा लाल होऊन दुखणे, कानातून पू किंवा रक्त येणे, एकाएकी ऐकू येईनासे होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दूरध्वनी केला जाईल, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

खर्चाविषयी एक माहिती. शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून चालू आहे. त्यात शासकीय व अनुदानित शाळांतील अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे डोळे व कान तपासले जातात, आणि गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवले जाते. आपल्या नात्यातील वा शेजारची मुले अशा शाळांत असतील तर त्यांच्या पालकांनी मुख्याध्यापकांकडे याची चौकशी करावी. आपल्या शाळेतील मुलांसाठी चष्म्याचा खर्च ज्यांना जड जातो, त्यांनी कार्यालयात भेटावे. ही बोलणी कार्यालयाबाहेर जात नाहीत.

शेवटी दोन मागण्या. एक, चिठ्ठीखालची कोरी जागा भरून आम्हाला परत पाठवा. ‘डोळे उत्तम आहेत’ एवढे लिहून आले तरी आमचे काम होते. मग मूल का चुकते याचे कारण आम्ही दुसरीकडे शोधतो. चष्मा मिळाला असेल तर तो दिवसभर लावायचा की फळ्यापुरता, हेही लिहा, म्हणजे तो दप्तरात राहणार नाही याकडे आम्ही लक्ष देऊ. दुसरी मागणी अशी की, चिठ्ठी शाळेकडूनच घरी यावी असा काही नियम नाही. मूल दूरदर्शनाच्या अगदी जवळ जाऊन बसते, आवाज सारखा वाढवते, एका बाजूला मान कलवून पाहते, की पाठीमागून मारलेली हाक त्याला पोचत नाही, असे घरी दिसले तर तुम्हीही दोन ओळी लिहून आम्हाला पाठवा. काय दिसले, केव्हा दिसले, किती वेळा दिसले, एवढेच लिहा. तक्ता, दोरी आणि भोकाचा कागद कार्यालयात तयार आहेत. दुसऱ्या दिवशीच आम्ही मुलाला रेघेवर उभे करू.